ऑलवेज, नेव्हर, यूज्वली वाक्यात नेमके कुठे बसतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला लोकमान्य नगरात माझ्या घरी संध्याकाळी इंग्रजीची शिकवणी चालते. येणारे बहुतेक मराठी घरांतले आहेत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि ऑफिसात इंग्रजी अशी त्यांची रोजची कसरत असते. 'ऑलवेज'चा अर्थ विचारायला कोणी येत नाही, तो सगळ्यांना माहीत असतो. अडतं ते जागेपाशी. शब्द क्रियापदाच्या आधी घ्यायचा की नंतर, हे दर वेळी नव्याने आठवावं लागतं आणि बोलण्याच्या ओघात तेवढा वेळ मिळत नाही. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ती डोळ्यांनी नुसती चाळू नका, मोठ्याने म्हणा. शब्दांचा क्रम कानात बसला की तोंडात येतो.

### एकच नियम सांगा, जो सगळीकडे चालेल.

वाक्य आधी मनात नकारार्थी करून पाहा. 'नॉट' जिथे बसतो, तीच 'ऑलवेज', 'नेव्हर', 'यूज्वली', 'ऑफन', 'समटाइम्स', 'रेअरली' यांची जागा.

'शी इज लेट' हे वाक्य घ्या. नकारार्थी केलं की 'शी इज नॉट लेट' होतं. आता 'नॉट' उचलून तिथे 'ऑलवेज' ठेवा: 'शी इज ऑलवेज लेट.' दुसरं वाक्य, 'ही कॅन हेल्प यू'. नकार 'ही कॅन नॉट हेल्प यू', म्हणून 'ही कॅन ऑलवेज हेल्प यू.' तिसरं, 'आय हॅव सीन द गेर', म्हणजे रंगपंचमीची गेर मी पाहिली आहे. नकार 'आय हॅव नॉट सीन द गेर', म्हणून 'आय हॅव नेव्हर सीन द गेर.'

चौथा प्रकार साध्या क्रियापदाचा. 'शी ड्रिंक्स टी' याचा नकार 'शी डझ नॉट ड्रिंक टी' असा होतो. इथे 'डझ' कुठून आला? 'नॉट' एकटा उभा राहू शकत नाही, त्याला टेकायला हेल्पिंग व्हर्ब लागतं, म्हणून इंग्रजीने 'डझ' आणून दिला. 'ऑलवेज'ला असा टेकू लागत नाही. म्हणून 'डझ नॉट' ही जोडी पूर्ण उचला, त्या जागी 'ऑलवेज' ठेवा आणि 'डझ'ने घेतलेला 'स' क्रियापदाला परत द्या: 'शी ऑलवेज ड्रिंक्स टी.'

पुढची बहुतेक उत्तरं या एका कसोटीतूनच निघतात.

### शाळेत शिकवलं होतं की 'इज-ॲम-आर'नंतर आणि बाकी क्रियापदांच्या आधी. ते चुकीचं होतं का?

चुकीचं नव्हतं, पण तोकडं होतं. 'शी इज ऑलवेज लेट' आणि 'शी ऑलवेज कम्स लेट' या दोन वाक्यांपुरतं ते चोख चालतं. मग 'कॅन', 'हॅव बीन', 'हॅव टू' आले की मुलं गोंधळतात. 'बाकी क्रियापदांच्या आधी' असं पाठ असल्यामुळे ती 'आय ऑलवेज कॅन हेल्प यू' म्हणतात. 'कॅन' हेही क्रियापदच आहे ना, असं त्यांचं म्हणणं, आणि त्या नियमाप्रमाणे ते बरोबरच ठरतं.

एक वाक्य तर शाळेच्या नियमाला सरळ उलटं पाडतं: 'ऑलवेज बी केअरफुल.' 'बी' हे 'इज-ॲम-आर' याच घराण्यातलं, मग 'ऑलवेज' त्याच्या आधी कसा? नॉटची कसोटी लावा. या आज्ञेचा नकार 'डू नॉट बी केअरफुल' असा होतो. 'डू नॉट' उचला, तिथे 'ऑलवेज' ठेवा, 'ऑलवेज बी केअरफुल' आपोआप मिळतं. म्हणूनच मी 'आधी-नंतर' शिकवणं सोडलं आणि 'नॉट'पासून सुरुवात करते.

### मराठीत 'नेहमी' कुठेही टाकलं तरी चालतं. इंग्रजी इतकी हट्टी का?

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं. 'मी नेहमी सकाळी चहा पितो', 'मी सकाळी नेहमी चहा पितो', 'नेहमी मी सकाळी चहाच पितो' ही तिन्ही वाक्यं चालतात, फक्त भर थोडा सरकतो. कोण करतंय आणि काय करतंय हे प्रत्यय सांगतात, त्यामुळे शब्दांना हलायला मोकळीक असते. हिंदीची रचनाही अशीच. म्हणून घरातली भाषा आणि बाहेरची भाषा, दोन्ही इंदूरच्या मुलाला एकच सवय लावतात.

इंग्रजीत हे काम जागा करते. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये ती सहसा काही शिरू देत नाही. 'ड्रिंक टी' ही जोडी घट्ट असते. म्हणून 'आय ड्रिंक ऑलवेज टी' हे वाक्य इंग्रजी कानाला खटकतं, तर 'आय ऑलवेज ड्रिंक टी' सहज जातं.

इंग्रजी पूर्वी इतकी कडक नव्हती. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'मला माहीत नाही' यासाठी 'आय नो नॉट' असं म्हणत. मुख्य क्रियापद पुढे सरकायचं आणि 'नॉट' त्याच्या मागे राहायचा. फ्रेंचमध्ये आजही 'मी पितो नेहमी चहा' असाच क्रम आहे. इंग्रजीत पुढे साध्या क्रियापदांनी ही सरकण्याची सवय सोडली आणि नकारासाठी 'डू' आला. 'बी' मात्र आणि त्याच्यासोबत 'हॅव', 'कॅन', 'विल' हे मदतनीस अजूनही पुढेच उभे राहतात. 'इज'नंतर आणि 'ड्रिंक्स'च्या आधी असा जो दुटप्पी नियम वाटतो, तो खरं तर एकच आहे. 'ऑलवेज' आपल्या जागेवरच असतो, 'इज' त्याला ओलांडून पुढे जातो आणि 'ड्रिंक्स' मागे थांबतो.

### 'ही ऑलवेज कम लेट' की 'ही ऑलवेज कम्स लेट'?

'कम्स'. ही चूक फार ऐकू येते आणि तिचं कारण जागेतच आहे. 'ही कम' असं कोणी म्हणत नाही, ते लगेच खटकतं. पण मध्ये 'ऑलवेज' आला की 'ही' आणि 'कम्स' एकमेकांपासून दूर जातात, आणि कान 'स' विसरतो.

'नेव्हर'बरोबर हे आणखी वाढतं, कारण 'डझंट कम'ची सवय असते. 'डझंट'ने 'स' स्वतःकडे घेतलेला असतो. 'नेव्हर' काही घेत नाही, म्हणून 'ही नेव्हर कम्स'. भूतकाळातही तसंच: 'ही डिडंट कम', पण 'ही नेव्हर केम'. वाक्य म्हणून झालं की 'ऑलवेज' किंवा 'नेव्हर' काढून एकदा म्हणून पाहा. उरलेलं 'ही कम्स लेट' स्वतंत्रपणे बरोबर वाटलं पाहिजे.

### 'आय नेव्हर डोंट ईट आउटसाइड' यात चूक काय आहे? मराठीत तर 'कधीच खात नाही' असंच म्हणतो.

तेच तर कारण आहे. मराठीत नकार दोन ठिकाणी सांगतात. 'कधीच' एकीकडे आणि 'नाही' दुसरीकडे. 'मी कधीच बाहेर खातो' असं म्हटलं तर वाक्य अधांतरी राहतं. त्यामुळे मराठी माणूस 'कधीच'साठी 'नेव्हर' घेतो आणि 'नाही'साठी 'डोंट' शोधतो.

'नेव्हर'च्या पोटात 'कधीच' आणि 'नाही' दोन्ही आहेत. 'आय नेव्हर ईट आउटसाइड' एवढ्यावर वाक्य पूर्ण होतं. 'डोंट' घातला की दोन नकार एकमेकांना खातात आणि ऐकणाऱ्याला 'मी बाहेर न खाणं कधीच करत नाही' असा उलटा अर्थ लागू शकतो.

'रेअरली', 'सेल्डम' आणि 'हार्डली एव्हर' हेही नकाराच्याच घरचे आहेत. 'मी क्वचितच जात नाही' असं आपण म्हणत नाही, त्यामुळे 'रेअरली'ला चूक कमी होते. 'हार्डली एव्हर' मात्र 'सहसा नाही'च्या जवळचा, म्हणून तिथे पुन्हा 'आय हार्डली एव्हर डोंट गो' ऐकू येतं. बरोबर वाक्य 'आय हार्डली एव्हर गो'.

### 'आय डेली गो टू ऑफिस बाय बस' हे तर सगळेच म्हणतात. ते का काढायचं?

सगळे म्हणतात हे खरं आहे, आणि आपल्याकडे ते समजतंही. तरी बाहेरच्या माणसाला ते लगेच भारतीय वळणाचं वाटतं आणि परीक्षेत गुण जातात.

मधली जागा सगळ्यांसाठी नसते. तिथे 'ऑलवेज', 'यूज्वली', 'ऑफन' असे एकशब्दी आणि ढोबळ मोजमापाचे शब्द बसतात. 'एव्हरी डे', 'ट्वाइस अ वीक', 'वन्स अ मंथ' असं नेमकं मोजमाप वाक्याच्या शेवटी जातं. 'डेली' एकशब्दी असला तरी नेमकं मोजमाप सांगतो, म्हणून तोही शेवटी. 'आय गो टू ऑफिस बाय बस एव्हरी डे.' बोलण्यात 'डेली'पेक्षा 'एव्हरी डे' जास्त नैसर्गिक वाटतं.

मराठीत 'मी आठवड्यातून दोनदा खजराना गणपतीला जातो' म्हणतो. मोजमाप मध्ये, क्रियापद शेवटी. तोच क्रम उतरवला की 'आय ट्वाइस अ वीक गो टू खजराना' होतं. इंग्रजीत आधी जाणं पूर्ण करा, मग मोजा: 'आय गो टू खजराना ट्वाइस अ वीक.' भर द्यायचा असेल तर मोजमाप अगदी सुरुवातीला चालतं: 'एव्हरी वेन्सडे आय गो टू खजराना.' फक्त कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये नको.

दोन्ही एकाच वाक्यात आले तर प्रत्येक आपापल्या जागी जातो: 'आय ऑलवेज गो टू खजराना ऑन वेन्सडेज.'

### वाक्याची सुरुवात 'ऑलवेज'ने करू का? 'नेहमी मी...' असं मराठीत सुचतं.

'समटाइम्स', 'यूज्वली', 'ऑफन', 'ऑकेजनली' यांनी सुरुवात करता येते. 'समटाइम्स वी गो टू सराफा आफ्टर टेन' अगदी सहज वाक्य आहे. 'समटाइम्स' आणि 'ऑफन' शेवटीही चालतात: 'वी गो टू सराफा समटाइम्स.'

'ऑलवेज' आणि 'नेव्हर' यांना ही मोकळीक नाही. 'ऑलवेज आय गो' आणि 'नेव्हर आय गो' दोन्ही चूक. हे दोन शब्द सुरुवातीला येतात ते मुख्यतः आज्ञेत: 'ऑलवेज लॉक द डोअर', 'नेव्हर टच द वायर'.

'नेव्हर'ला आणखी एक वाट आहे, पण त्यासाठी त्याने पुढचा क्रम उलटवावा लागतो: 'नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड.' कर्त्याच्या आधी हेल्पिंग व्हर्ब आलं, जसं प्रश्नात येतं. हे भाषणात किंवा लेखात शोभतं. रोजच्या बोलण्यात 'आय हॅव नेव्हर सीन सच अ क्राउड' म्हणा.

### 'डोंट ऑलवेज' आणि 'ऑलवेज डोंट' यात फरक आहे का?

मोठा फरक आहे. मराठीत तो लपतो, म्हणून यावर थोडं थांबू.

'ही बस नेहमी थांबत नाही.' या मराठी वाक्याचे दोन अर्थ निघू शकतात. एक, कधी थांबते आणि कधी नाही. दुसरा, जेव्हा पाहावं तेव्हा थांबत नाही. आपण सूर आणि संदर्भ पाहून समजून घेतो. इंग्रजीत जागाच निर्णय करते, कारण डावीकडचा शब्द उजवीकडच्याला आपल्या ताब्यात घेतो.

'द बस डझंट ऑलवेज स्टॉप हिअर' यात नकार डावीकडे आहे, म्हणून 'ऑलवेज' नाकारला गेला. 'नेहमी थांबते असं नाही.' दुसरा अर्थ हवा असेल तर 'ऑलवेज डझंट' ओढून ताणून आणू नका, तो सहसा कोणी म्हणत नाही. त्यासाठी 'नेव्हर' आहे: 'द बस नेव्हर स्टॉप्स हिअर.'

एका विद्यार्थ्याने ऑफिसच्या ईमेलमध्ये लिफ्टबद्दल लिहिलं होतं, 'द लिफ्ट ऑलवेज डझंट वर्क'. त्याला म्हणायचं होतं की लिफ्ट अधूनमधून बंद पडते. वाचणाऱ्याने समजून घेतलं की लिफ्ट पूर्ण बंदच आहे. 'द लिफ्ट डझंट ऑलवेज वर्क' लिहिलं असतं तर प्रश्नच आला नसता.

'समटाइम्स' नेमका उलटा वागतो. तो नकाराच्या बाहेर, डावीकडे राहतो: 'आय समटाइम्स डोंट गेट अ सीट.' 'आय डोंट समटाइम्स गेट अ सीट' हे विचित्र वाटतं.

'यूज्वली' दोन्हीकडे चालतो आणि अर्थ जवळजवळ तोच राहतो. 'आय डोंट यूज्वली ईट आउट' आणि 'आय यूज्वली डोंट ईट आउट' दोन्ही बरोबर. मराठी माणसाला हा शब्द सोपा जातो, कारण आपला 'सहसा' बहुतेक वेळा नकाराबरोबरच येतो: 'मी सहसा बाहेर खात नाही.' पण म्हणूनच एक अडचणही होते. 'यूज्वली' होकारी वाक्यात वापरायला हात धजत नाही आणि माणूस सगळीकडे 'ऑलवेज' लिहितो. होकारी वाक्यात 'यूज्वली' म्हणजे 'बहुतेक वेळा' किंवा 'एरवी' असं मनात धरा: 'आय यूज्वली वॉक होम.'

### हेल्पिंग व्हर्ब दोन किंवा तीन असतील तर?

पहिल्यानंतर. नॉट तिथेच बसतो. 'शी हॅज नेव्हर बीन लेट.' 'यू शुड ऑलवेज हॅव बीन टोल्ड.' 'द शॉप इज यूज्वली क्लोज्ड ऑन मंडे.' 'वुड हॅव नेव्हर' असंही बोलण्यात ऐकू येतं, त्याला चूक म्हणत बसू नका, पण स्वतः लिहिताना 'वुड नेव्हर हॅव' लिहा.

### 'आय हॅव टू ऑलवेज वेट' असं का चालत नाही? 'हॅव' हेल्पिंग व्हर्ब आहे ना?

इथे नाही. आणि हे ओळखायला पुन्हा नॉटच उपयोगी पडतो. 'आय हॅव नॉट टू वेट' असं आजची इंग्रजी म्हणत नाही, 'आय डोंट हॅव टू वेट' म्हणते. 'डोंट' मागावा लागला, म्हणजे हा 'हॅव' साधं क्रियापद झाला. म्हणून 'आय ऑलवेज हॅव टू वेट ॲट राजवाडा.'

'हॅव' म्हणजे खाणंपिणं असेल तेव्हाही असंच: 'वी ऑलवेज हॅव पोहे ऑन संडे.' पण 'वी हॅव ऑलवेज हॅड पोहे ऑन संडे' यात पहिला 'हॅव' मदतनीस आहे आणि दुसरा खाण्याचा, म्हणून 'ऑलवेज' दोघांच्या मध्ये. एका वाक्यात दोन 'हॅव' आणि दोघांची वागणूक वेगळी.

'यूज्ड टू'लाही हाच न्याय: 'आय ऑलवेज यूज्ड टू गो विथ माय ग्रँडफादर.' बोलताना 'यूज्ड टू ऑलवेज' ऐकू येतं, लिहिताना पहिलं घ्या.

### 'ही'ज नेव्हर' ऐकू आलं की मला कळत नाही ते 'इज' आहे की 'हॅज'.

पुढचा शब्द ऐका. 'ही'ज नेव्हर लेट' मध्ये पुढे विशेषण आहे, म्हणून 'इज'. 'ही'ज नेव्हर ईटन पोहे' मध्ये पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आहे, म्हणून 'हॅज'. जागेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, कारण दोघंही पुढे सरकणारे.

### 'आर यू ऑन टाइम?' याला 'येस, आय ॲम ऑलवेज' असं उत्तर देऊ का?

नाही. 'येस, आय ऑलवेज ॲम.' नॉटची कसोटी इथे थांबते, हे स्वच्छ सांगितलेलं बरं. 'नो, आय ॲम नॉट' बरोबर असतं, पण 'येस, आय ॲम ऑलवेज' असं तोडलेलं वाक्य लटकतं. हेल्पिंग व्हर्ब वाक्याचा शेवटचा शब्द असेल तर 'ऑलवेज' त्याच्या आधी जातो. 'ही नेव्हर हॅज.' 'दे यूज्वली डू.' आणि अशा वेळी 'आय'म' असं आखडून म्हणता येत नाही, 'ॲम' पूर्ण उच्चारावा लागतो.

### प्रश्न विचारताना काय करायचं?

कर्त्यानंतर ठेवा आणि पुढे जा. 'डू यू यूज्वली टेक द बस?' 'इज शी ऑलवेज सो क्वाएट?' 'हॅव यू एव्हर बीन टू मांडू?' शेवटच्या वाक्यात 'एव्हर' म्हणजे आपलं 'कधी'. उत्तरात तोच 'नेव्हर' होतो: 'नो, आय हॅव नेव्हर बीन देअर.'

### 'आय ॲम ऑलवेज गोइंग बाय बस' बरोबर आहे का?

सवय सांगायची असेल तर 'आय ऑलवेज गो बाय बस' म्हणा. इंदूरकडच्या बोलण्यात 'मी बसने जाऊन राहिलोय' येतं, हिंदीत 'जा रहा हूँ' येतं, आणि तेच इंग्रजीत 'ॲम गोइंग' होऊन उतरतं.

'इज ऑलवेज'नंतर 'आयएनजी' रूप इंग्रजीत वेगळ्या कामाला आहे. ते बहुतेकदा कुरकुर दाखवतं. 'ही इज ऑलवेज लूजिंग हिज कीज' म्हणजे हा सारखा किल्ल्या हरवत असतो आणि मला त्याचा वैताग आलाय. म्हणून 'माय मॅनेजर इज ऑलवेज कॉलिंग मी' असं कौतुकाने म्हणायला जाल, तर ऐकणारा तक्रार समजेल.

### 'ऑफन' की 'ऑफ्टन'?

दोन्ही उच्चार चालतात.

### पुस्तकात 'यूज्वली'च्या पुढे टक्के छापलेले असतात. ते पाठ करू का?

नको. प्रत्येक पुस्तकात ते वेगळे असतात. 'ऑलवेज'पासून 'नेव्हर'पर्यंतची उतरंड लक्षात ठेवा: ऑलवेज, यूज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली, नेव्हर.

### माझ्या मुलीची इंटरव्ह्यूची तयारी चालू आहे. तिच्या परिच्छेदात असे शब्द कसे तपासायचे?

माझ्याकडे अशीच एक विद्यार्थिनी आली होती. सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत मुलाखत होती आणि स्वतःबद्दल बोलायला तिने काही वाक्यं लिहून आणली होती. आम्ही ती एकेक करून पाहिली.

पहिलं वाक्य: 'आय ऑलवेज ॲम ऑन टाइम.' मी विचारलं, नकार कर. ती म्हणाली, 'आय ॲम नॉट ऑन टाइम.' मग स्वतःच दुरुस्त केलं: 'आय ॲम ऑलवेज ऑन टाइम.'

दुसरं: 'आय डेली प्रॅक्टिस कोडिंग फॉर टू अवर्स.' इथे नॉटची कसोटी लावायची नाही, कारण 'डेली' मधल्या जागेचा शब्दच नाही. मोजमाप शेवटी नेलं: 'आय प्रॅक्टिस कोडिंग फॉर टू अवर्स एव्हरी डे.'

तिसरं: 'माय टीम यूज्वली डिपेंड ऑन मी.' जागा बरोबर होती. 'यूज्वली' झाकून वाचायला सांगितलं, तेव्हा 'माय टीम डिपेंड' तिच्या कानाला लगेच खटकलं आणि 'डिपेंड्स' झालं.

चौथं: 'आय हॅव मिस्ड नेव्हर अ डेडलाइन.' नकार 'आय हॅव नॉट मिस्ड', म्हणून 'आय हॅव नेव्हर मिस्ड अ डेडलाइन.' इथे मी तिला थांबवून विचारलं, हे खरं आहे का? ती म्हणाली, एकदा चुकली होती. मग आम्ही 'नेव्हर'ची जागा सोडून तो शब्दच बदलला: 'आय हॅव रेअरली मिस्ड अ डेडलाइन.' मुलाखत घेणारा 'नेव्हर' ऐकून नेमका तिथेच प्रश्न विचारतो, आणि जागा बरोबर असलेला पण खोटा 'नेव्हर' तिथे उघडा पडतो.

पाचवं: 'आय ऑलवेज डोंट अग्री, बट आय लिसन.' तिला म्हणायचं होतं की प्रत्येक वेळी पटतंच असं नाही. लिहिलेल्या वाक्यातून 'मला कधीच पटत नाही' असा अर्थ निघत होता. 'आय डोंट ऑलवेज अग्री, बट आय लिसन' केल्यावर तेच वाक्य सगळ्यांत समंजस ठरलं.

सहावं: 'आय कॅन ऑलवेज लर्न.' हे पहिल्यापासून बरोबर होतं. ते मी तसंच ठेवलं, पण का बरोबर आहे हे तिच्याकडून वदवून घेतलं. चुकलेलं दुरुस्त करता येणं आणि बरोबर आलेल्याचं कारण सांगता येणं, या दोन्हीला मी सारखाच वेळ देते.

हीच रीत घरी वापरा. प्रत्येक वाक्यातला वारंवारतेचा शब्द पेन्सिलीने गोल करा. तो मधल्या जागेचा आहे की शेवटच्या, ते ठरवा. मधल्या जागेचा असेल तर वाक्य नकारार्थी करून जागा पाहा. मग शब्द झाकून उरलेलं वाक्य वाचा. शेवटी अर्थ खरा आहे का ते विचारा.

### इंग्रज लोकांच्या तोंडून 'ही ऑलवेज इज लेट' मी स्वतः ऐकलं आहे. मग ते चूक कसं?

तुम्ही बरोबर ऐकलंत. त्यांनी 'इज'वर जोर दिला होता का, ते आठवा. समोरच्याने म्हटलं, 'आज तरी तो उशीर करणार नाही,' आणि त्यावर ठासून सांगायचं असेल की अहो, तो उशीर करतोच, तर 'इज' जोराने उच्चारून 'ही ऑलवेज इज लेट' म्हणतात. मराठीत आपण हे काम 'च'ने करतो: 'तो नेहमी उशीर करतोच.' जोर नसेल तर तो क्रम वापरू नका. आणि लिहिताना आवाज पोचत नाही, म्हणून कागदावर 'ही इज ऑलवेज लेट' हेच ठेवा.